‘विचार करून सांगतो’ची वही

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात १८८४ साली जॉन पॅटरसन नावाच्या माणसाने एक रडतखडत चालणारी कंपनी ६,५०० डॉलरला विकत घेतली. ती गल्ल्याची यंत्रं बनवायची. बटण दाबलं की रक्कम दिसते, घंटी वाजते आणि दिवसभराचा हिशोब आत नोंदला जातो, असं ते कॅश रजिस्टर. यंत्र चांगलं होतं, पण कोणी मागत नव्हतं. दुकानदाराला वाटायचं, इतकी वर्षं लाकडी गल्ल्यावर भागलं, आता हे कशाला? गल्ल्यावर बसणाऱ्या कारकुनांचा तर त्यावर उघड राग होता. ‘म्हणजे आम्ही चोर?’ कंपनीची पत्रं मालकाच्या हाती लागण्याआधीच ते फाडून टाकत. शेवटी कंपनीला स्वतःचं नाव नसलेल्या कोऱ्या पाकिटांतून पत्रं पाठवावी लागली.

अशा वातावरणात एक माणूस मात्र यंत्रं भराभर विकत होता. तो पॅटरसनचा मेव्हणा, जोसेफ क्रेन. तू असं करतोस तरी काय, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की तो प्रत्येक दुकानात जवळपास तेच, त्याच क्रमाने बोलतो. पॅटरसनने त्याचं ते बोलणं शब्दशः उतरवून घेतलं आणि १८८७ साली छापलं. सोळा पानांची ती पुस्तिका ‘प्रायमर’ या नावाने ओळखली जाते. ओळख कशी करून द्यायची, यंत्र कसं दाखवायचं, सौदा कसा पुरा करायचा, एवढंच नव्हे तर कुठलं वाक्य म्हणताना यंत्राच्या कुठल्या भागाकडे बोट दाखवायचं, हेही तिच्यात होतं. पुढे गिऱ्हाइकांच्या हरकती आणि त्यांवरची उत्तरं यांचंही पुस्तक झालं. ‘माझी माणसं प्रामाणिक आहेत’ असं मालक म्हणाला की, प्रामाणिक कारकुनावर उगाच संशय येऊ नये म्हणूनच हे यंत्र आहे, अशा वळणाची उत्तरं त्यात होती. विक्रेत्यांनी ‘प्रायमर’ पाठ करणं नंतर सक्तीचं झालं. याच कंपनीत तयार झालेला टॉमस वॉटसन पुढे ज्या कंपनीचा प्रमुख झाला, तिचं नाव १९२४ पासून आयबीएम आहे.

आज कंपन्या ज्याला ‘सेल्स प्लेबुक’ म्हणतात, त्याची वंशावळ इथवर जाते. चांगला विक्रेता काय बोलतो, गिऱ्हाईक कुठे अडतं आणि तिथे काय उत्तर दिलं की गाडी पुढे सरकते, हे सगळं नव्या माणसासाठी एका जागी लिहून ठेवणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी वेगळी माणसं असतात. पाच-सात मुलं फिरवणाऱ्या आपल्याकडच्या धंद्यात ही विद्या मालकाच्या किंवा एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस सोडून गेला की ती त्याच्याबरोबर शेजारच्या दुकानात जाते.

ही वही कशी तयार करायची, ते एका धंद्याच्या आधाराने पाहू. समजा, नाशिकमध्ये घरांच्या गच्चीवर सोलर बसवणारा एक व्यावसायिक आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘पीएम सूर्यघर’ योजना आली तेव्हापासून या धंद्यात गर्दी उसळली आहे. घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला एकूण ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. आपल्या या व्यावसायिकाकडे एक जुना, हातखंडा विक्रेता आहे आणि चार नवी मुलं. जुना माणूस दहा घरं फिरला की तीन-चार ठिकाणी काम घेऊन येतो. नव्या मुलांना एक मिळालं तरी पेढे वाटावेसे वाटतात.

मालकाची पहिली चूक बहुतेक ठरलेली असते. तो जुन्या माणसाला समोर बसवतो आणि म्हणतो, ‘तू कसं विकतोस ते लिहून दे.’ तो बिचारा चार दिवसांनी एक कागद आणतो. त्यावर ‘नम्र राहावे, ग्राहकाचा विश्वास संपादन करावा, फायदे समजावून सांगावेत’ असलं काहीतरी असतं. तो लबाडी करत नसतो. आपण नेमकं काय करतो, हे त्यालाच ठाऊक नसतं. म्हणून लिहिण्याचं काम त्याच्याकडे द्यायचं नाही. त्याच्याबरोबर जायचं, गप्प बसायचं आणि कानावर पडेल ते टिपायचं. फोनवरची बोलणी असतील तर समोरच्याला सांगून ती रेकॉर्ड करायची. आठ-दहा भेटी नीट ऐकल्या की त्याचा साचा दिसू लागतो.

आपल्या विक्रेत्याचा साचा असा निघतो. घरात गेल्यावर नवी मुलं बॅगेतून माहितीपत्रक काढतात आणि पॅनेल कुठल्या कंपनीचं, इन्व्हर्टर कसला, वॉरंटी किती, हे सांगत सुटतात. हा माणूस काहीच काढत नाही. पाणी पितो आणि म्हणतो, ‘काका, लाईटचं बिल आहे का एखादं? जुनं असलं तरी चालेल.’ महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो त्यावर बोट ठेवतो. ‘मे महिन्यात ४१० युनिट? एसी घेतलात का?’ काका सांगू लागतात. एसी कधी घेतला, मुलगा पुण्याहून घरी आल्यापासून बिल कसं वाढलं, वगैरे. पाच-सात मिनिटं बोलतात ते काकाच. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मीटर कोणाच्या नावावर आहे?’ आणि त्यानंतर, ‘गच्ची तुमच्या एकट्याची, की भावाचीही?’

या दोन प्रश्नांकडे पाहून नव्या मुलांना वाटतं, ही चौकशी फॉर्म भरायच्या वेळी करता आली असती. पण खरी मेख इथेच आहे. वीजजोडणी ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्या नावाने आणि अनुदानही त्याच्याच बँक खात्यात. आपल्याकडे कित्येक जुन्या घरांत मीटर वारलेल्या आजोबांच्या नाहीतर काकांच्या नावावर असतं. नवा मुलगा तासभर बोलतो, कोटेशन देतो, काका मान डोलावतात आणि शेवटी म्हणतात, ‘विचार करून सांगतो.’ मुलगा वहीत लिहितो, ‘किंमत जास्त वाटली.’ किमतीचा प्रश्नच नसतो. मीटर थोरल्या भावाच्या नावावर आहे, त्याच्याशी बोलणं नाही आणि हे परक्या पोरासमोर कसं सांगायचं, या विचारात काका असतात. जुना विक्रेता हा प्रश्न सुरुवातीलाच सहज विचारून टाकतो, त्यामुळे ती अडचण शेवटी ‘नाही’ होऊन समोर येत नाही. नाव बदलायचा अर्ज कसा करायचा, कुठली कागदपत्रं लागतात, हे तो तिथल्या तिथे सांगतो आणि आपण पहिली मदत केली, हेही काकांच्या लक्षात राहतं.

वही लिहिणाऱ्याने पकडायची गोष्ट ही. कित्येक हरकतींचं उत्तम उत्तर म्हणजे आधीच विचारलेला एखादा प्रश्न असतो. नुसती ‘हरकत’ आणि ‘उत्तर’ अशी दोन रकान्यांची यादी केली तर ते त्यात कुठेच बसत नाही.

हरकती गोळा करायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. दोनशे पानी रजिस्टर घ्यायचं. रोज संध्याकाळी प्रत्येकाने त्या दिवशी ऐकलेल्या हरकती लिहायच्या, मात्र गिऱ्हाइकाच्या शब्दांत. ‘ग्राहकाने देखभालीबाबत शंका व्यक्त केली’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘वर चढून पुसणार कोण? माझे गुडघे गेलेत’ हे उपयोगी आहे, कारण त्यात उत्तर कशाबद्दल हवं ते कळतं. शेजारच्या रकान्यात आपण काय बोललो आणि मग काय झालं, ते लिहायचं. महिनाभरात शे-सव्वाशे नोंदी होतात. त्या एकत्र वाचल्या की निराळ्या वाटणाऱ्या हरकती दहा-बारा गठ्ठ्यांत बसतात. सोलरवाल्यांकडे साधारण हे ऐकू येतं: लाईट गेल्यावर चालेल का, पावसाळ्यात काय, गच्ची गळेल, अनुदान खरंच मिळतं का, दुसरा स्वस्तात देतोय, तुम्ही दोन वर्षांनी असाल का. आणि नाशिक-सांगलीकडे हमखास, ‘वाळवणं कुठे घालायची?’

शेवटचा प्रश्न ऐकून नवी मुलं हसतात. हसू नये. घरातल्या बाईचा तो खरा प्रश्न आहे आणि तिचा होकार नसेल तर काकांचा होकार दोन दिवसही टिकत नाही. ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट जागा जाते. उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि वर्षभर धुणं, सगळं त्याच जागेवर असतं. जुना विक्रेता मोबाइलवर उंच सांगाड्याचा फोटो दाखवतो. पॅनेल सात-आठ फुटांवर, खालून माणूस ताठ चालत जातो, आणि सांगतो, ‘काकू, याला लोखंड जास्त लागतं म्हणून खर्च वाढतो. पण खाली सावली मिळते. वाळवणाला मात्र दक्षिणेचा हा कोपरा मोकळा ठेवू.’ वहीत हे असंच्या असं जायला हवं, फोटोसकट.

आता एक हरकत नीट उकलून पाहू, कारण चांगली आणि वाईट वही यांतला फरक तिथे दिसतो. ‘लाईट गेली तर हे चालेल ना?’

महावितरणच्या जाळ्याला जोडलेली, बॅटरी नसलेली साधी यंत्रणा लाईट गेल्यावर बंद पडते. भर उन्हात, पॅनेल तळपत असतानाही. कारण सुरक्षेचं आहे. लाईन बंद समजून वायरमन खांबावर चढला असेल आणि तुमच्या गच्चीवरून वीज त्या तारेत जात राहिली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून जाळ्यातली वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. हे सत्य सांगितलं की काकांचा चेहरा पडतो, हे प्रत्येक विक्रेत्याने पाहिलेलं असतं. म्हणून काही जण म्हणतात, ‘चालेल की, सोलर आहे म्हटल्यावर!’ सही होते. पहिल्याच वादळात लाईट जाते, घर अंधारात, आणि काका अख्ख्या कॉलनीला सांगतात की फसवलं.

वहीतल्या त्या पानावर पहिलं वाक्य असं असायला हवं: ‘नाही काका, साध्या सोलरवर लाईट गेल्यावर चालणार नाही.’ मग वायरमनचं कारण, दोन वाक्यांत. मग प्रश्न: ‘तुमच्याकडे लाईट किती वेळा जाते? घरात इन्व्हर्टर-बॅटरी आहे का?’ शहरात बऱ्याच ठिकाणी ती थोडा वेळच जाते आणि कित्येक घरांत जुना इन्व्हर्टर असतो. तो पूर्वीसारखा पंखे-दिवे चालवत राहील, सोलर बिल कमी करेल, दोघांचं काम वेगळं, एवढं सांगितलं की बहुतेकांचं समाधान होतं. जिथे रोज चार-चार तास लाईट जाते, तिथे बॅटरीसह चालणारी हायब्रिड यंत्रणा दाखवायची आणि तिचा खर्च बराच जास्त आहे व बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, हेही त्याच दमात सांगायचं. पानाच्या तळाशी लाल अक्षरात: ‘चालेल, बघू, होईल काहीतरी, यातलं काहीही म्हणायचं नाही.’

हे पान लिहिताना मालकाला एक अवघड तपासणी करावी लागते. ज्याच्या बोलण्यावरून वही बनवतोय, तो माणूस खरंच चांगलं विकतो, की नुसतं जास्त विकतो? महिन्याच्या आकड्यावरून हे समजत नाही. त्याने मिळवलेल्या कामांपैकी किती रद्द झाली, पुढच्या सहा महिन्यांत तक्रारीचे फोन कोणाच्या गिऱ्हाइकांचे आले आणि ओळखीतून नवी कामं कोणाला मिळाली, हे पाहावं लागतं. ‘बिल शून्य होईल’ हे वाक्य या धंद्यात फार चालतं. ते खोटं आहे. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. हे वाक्य वापरणारा माणूस तक्त्यात सगळ्यात वर असेल, तर त्याचा साचा छापून चार मुलांना देणं म्हणजे तक्रारी पाचपट करणं.

दुसरी जड हरकत पैशाची. ‘तो दुसरा एक लाख ऐंशीला देतोय, तुम्ही दोन लाख सांगता.’ नवा मुलगा इथे दोनपैकी एक करतो. लगेच मालकाला फोन लावून सूट मागतो, नाहीतर दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवतो. दोन्ही वाईट. जुना विक्रेता म्हणतो, ‘काका, त्यांचं कोटेशन बघू या का? दोन्ही शेजारी ठेवू.’ मग एकेक ओळ घेतो. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलचे पॅनेल लागतात. दुसऱ्याच्या कागदावर तसं लिहिलंय का? सांगाडा किती उंच आणि कशाचा? मीटर बदलायचं आणि महावितरणच्या कागदपत्रांचं काम किमतीत धरलंय का? अर्थिंग, वीजरोधक धरलेत का? कधीकधी दुसऱ्याचं कोटेशन खरंच चांगलं निघतं. तसं झालं तर काय करायचं, हेही वहीत हवं. सूट किती द्यायची, ती कोण देणार आणि कुठे थांबून ‘मग तुम्ही त्यांच्याकडूनच घ्या’ म्हणायचं, हे मालकाने आधी ठरवलेलं नसेल, तर पोरगा गिऱ्हाइकासमोर हवेत लटकतो.

किमतीच्या पानावर एक सोडवलेलं गणित ठेवावं. समजा, घराचा वापर महिन्याला ३०० युनिट. ३ किलोवॅटची यंत्रणा आपल्याकडच्या उन्हात वर्षाच्या सरासरीने साधारण तेवढे युनिट, कधी थोडे जास्त तयार करते. किंमत २ लाख धरली आणि ७८ हजार अनुदान वजा केलं, तर खिशातून १ लाख २२ हजार. महिन्याला बिल २,७०० ने कमी झालं, तर हे पैसे साधारण ४५ महिन्यांत, म्हणजे पावणेचार वर्षांत वसूल होतात. हे आकडे पाठ करून प्रत्येक घरात फेकायचे नाहीत. गणिताची रीत शिकायची आणि समोरच्या बिलावरचे आकडे घालून काकांसमोर, शक्य तर काकांच्याच हाताने, कागदावर मांडायचं. अनुदान आधी वजा होऊन मिळतं, असा गैरसमजही इथेच दूर करायचा. पैसे आधी द्यावे लागतात किंवा कर्ज काढावं लागतं, अनुदान काम आणि तपासणी पुरी झाल्यावर खात्यात जमा होतं.

पावसाळ्याच्या हरकतीला याच कागदावर उत्तर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती घटते, हे मान्य करून टाकायचं. एप्रिल-मेमध्ये जास्तीचे झालेले युनिट महावितरणच्या हिशोबात पुढे ओढले जातात आणि पावसाळ्यात वापरता येतात, वर्षाचा हिशोब ३१ मार्चला मिटतो, हे सांगायचं. या पानावर तारीख घालायची. वीजदर, अनुदान आणि जास्तीच्या युनिटांचे नियम बदलत असतात. गेल्या वर्षीचं पान वाचून या वर्षी बोलणारा मुलगा न कळत खोटं बोलतो आणि गिऱ्हाइकाने मोबाइलवर तपासलं की तो तिथेच संपतो. म्हणून जी पानं बदलणारी आहेत ती वेगळ्या रंगाच्या कागदावर, ‘अमुक तारखेला तपासलं’ अशा शेऱ्यासह ठेवावीत आणि दर तीन महिन्यांनी ती तपासायचं काम एकाच्या नावावर करावं. ‘सगळ्यांनी बघत राहा’ म्हटलं की कोणीच बघत नाही.

वहीत असायलाच हवं असं आणखी एक पान म्हणजे कोणाला विकायचं नाही. महिन्याला साठ-सत्तर युनिट जाळणारं घर, ज्याचं बिलच किरकोळ आहे. तीन बाजूंनी उंच इमारती असलेली गच्ची. दोन वर्षांत वरचा मजला चढवायचा बेत असलेलं कुटुंब. नवा मुलगा टार्गेटच्या भीतीने यांच्यामागे महिना घालवतो. इथे ‘काका, तुम्हाला आत्ता नको’ म्हणायची मोकळीक मालकाने लेखी द्यायला हवी, तोंडी दिलेली कोणी खरी मानत नाही.

हे सगळं मिळून वही किती जाडीची व्हावी? पंधरा-वीस पानं पुष्कळ झाली. पहिल्या उत्साहात ऐंशी पानांचा ग्रंथ करणारे मालक असतात. त्यात कंपनीचा इतिहास, ध्येय-धोरणं, सौरऊर्जेचं भवितव्य, सगळं असतं. मुलं तो एकदा चाळतात आणि तो कपाटात जातो. दारावरची बेल वाजवण्याआधी मोटरसायकलवर बसून एखादं पान उघडता आलं पाहिजे, या मापाने वही कापावी. एका हरकतीला एक पान. वर गिऱ्हाइकाचे शब्द, मग त्यामागे काय काय असू शकतं, मग विचारायचा प्रश्न, मग उत्तर, आणि तळाशी काय म्हणायचं नाही.

जुना विक्रेता हे सगळं सुखासुखी का देईल, हा प्रश्न राहतोच. त्याची कमाई कमिशनवर आहे आणि हीच त्याची पुंजी आहे. ‘कंपनीच्या भल्यासाठी’ वगैरे भाषण करून ती मिळत नाही, आणि मिळावी अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. नव्या मुलांच्या पहिल्या काही महिन्यांच्या कामावर त्याला ठरावीक वाटा द्यावा आणि तो ठरलेल्या तारखेला द्यावा. शिवाय ज्या पानावरचं उत्तर ज्याचं, त्या पानावर त्याचं नाव लिहावं. हा दुसरा उपाय फुकटचा आहे आणि अनुभव असा की त्याने माणूस जास्त खुलतो.

वही हातात दिली म्हणजे शिकवणं झालं, असं नाही. पॅटरसनने पाठांतर सक्तीचं केलं होतं. त्याच्या काळात, त्याच्या यंत्राला ते चालून गेलं, पण आज पाठ केलेलं उत्तर ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं. क्रेडिट कार्डाचे फोन घेऊन घेऊन आपले कान तयार झालेत. म्हणून नव्या माणसाने शब्द पाठ करू नयेत. क्रम, आकडे आणि ‘काय म्हणायचं नाही’ एवढं मात्र पक्कं हवं. पहिल्या आठवड्यात त्याने जुन्या माणसाबरोबर फिरून फक्त ऐकावं. मग ऑफिसात सराव. जुना माणूस काका होतो आणि शक्य तेवढा छळतो, मध्येच फोन घेतो, विषय बदलतो, ‘तुमच्या त्या अमक्याने माझ्या साडूला फसवलं’ म्हणतो. कॉलेजच्या गॅदरिंगसारखं वाटतं आणि मुलं पहिल्या दिवशी लाजतात. तरी खऱ्या गिऱ्हाइकापुढे अडखळण्यापेक्षा इथे अडखळलेलं परवडतं. यानंतरच्या भेटींत नवा मुलगा बोलतो आणि जुना गप्प बसतो. हे गप्प बसणं जुन्याला सगळ्यांत अवघड जातं.

वही उपयोगी पडते आहे का, हे कळायला दोन खुणा पुरेत. एक, नव्या माणसाला पहिलं काम मिळायला पूर्वी किती दिवस लागत आणि आता किती लागतात. दुसरी, संध्याकाळच्या रजिस्टरात ‘विचार करून सांगतो’ या नोंदी घटतात की नाही. त्या तशाच राहिल्या, तर मुलं हरकतीच्या मुळापर्यंत पोचत नाहीत आणि सुरुवातीचे प्रश्न पुन्हा तपासायला हवेत. रजिस्टरात नव्याच हरकती दिसू लागल्या तर बाजार बदललाय. शेजारच्या कॉलनीत एखाद्याचं अनुदान अडकलं, तर आठ दिवसांत ती बातमी तुमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी येते. त्या आठवड्यातच तिचं पान लिहून व्हायला हवं.

वहीची मर्यादाही सांगायला हवी. माल वाईट असेल, बसवणारी माणसं वेळेवर येत नसतील, तर गिऱ्हाइकाच्या हरकतीवर उत्तर शोधत बसू नये, कारण ती हरकत खरी आहे. ‘तुमच्याकडून बसवलेल्या एकाचा इन्व्हर्टर दोन महिने बंद होता’ याला वहीत पान नसतं. ती नोंद मालकाच्या टेबलावर जायला हवी. हरकतींचं रजिस्टर प्रामाणिकपणे ठेवणाऱ्या मालकाला आपल्या धंद्यातली भोकं त्यातच आधी दिसतात, आणि काहींना ती बघायची नसतात म्हणून रजिस्टर दुसऱ्या महिन्यात बंद पडतं.

तुमचा धंदा सोलरचा नसेल, विम्याचा, क्लासचा किंवा मॉड्युलर किचनचा असेल, तरी सुरुवात इथूनच करता येईल. उद्या संध्याकाळी मुलं परत आल्यावर त्यांना एकच विचारा: आज गिऱ्हाईक कुठल्या वाक्यावर थांबलं? ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. आणि वहीची उत्तरं लिहायला घेण्याआधी, तुमची माणसं रोज जे म्हणतात पण म्हणू नये, त्याचं पान आधी लिहा.